डिस्क जोडू का?

मला यंत्रांचा राग येत नाही, त्यांच्या बोलण्याचा येतो. गॅस संपला तर शेगडी गप्प बसते, मिक्सर बिघडला तर जळका वास येतो, आणि माणसाला काय समजायचं ते समजतं. कॉम्प्युटर मात्र बिघडतानाही सरकारी कचेरीतल्यासारखा बोलतो. त्या रविवारी आमच्या दुकानातल्या पडद्यावर जे आलं, त्याचा अर्थ माझ्या भाच्याने मला मराठीत सांगितला. नवीन पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा वेगळा भाग, बनवता आलं नाही, आधीचं एखादं सापडलंही नाही, जास्त माहितीसाठी सेटअपच्या लॉग फाइली पाहा. मी विचारलं, ह्या फाइली कुठे असतात? तो म्हणाला, मामी, त्या कुणी बघत नाही. मग पाहा म्हणून सांगता कशाला?

आमचं दुकान घाटकोपरला, मार्केटकडून आत येणाऱ्या गल्लीत. दुकान म्हणजे एक गाळा, त्यात एक टेबल, दोन खुर्च्या, प्रिंटर, आणि मागच्या भिंतीला प्लायवूडच्या फळ्या. डीटीपीचं काम. बायोडेटा, दुकानांच्या पाट्या, बारशाची कार्डं, पुण्यस्मरणाचे बॅनर, आणि मुख्य म्हणजे लग्नपत्रिका. पत्रिका तर आता लोक मोबाइलवरच करतात आणि मोबाइलवरच पाठवतात. तरीही आमच्याकडे गिऱ्हाईक यायचं, ते यांच्या अक्षरासाठी.

यांची पद्धत अशी की पत्रिकेतला बाकी मजकूर टाइप करायचा, पण नवरा-नवरीची नावं कधीही टाइप करायची नाहीत. ती काढायची. माउस हातात धरून हे एकेक अक्षर रेषेने काढत, मग त्या रेषेवरची टिंबं ओढून तिला बाक देत. वर 'श्री गणेशाय नमः' असो की 'नमो बुद्धाय', नावांना मेहनत तितकीच. नावाला फॉन्ट लावायचा म्हणजे नवरीला दुसरीचा शालू नेसवायचा, असं यांचं म्हणणं. एकाच नावाच्या दोन मुली आल्या तरी दोघींची नावं वेगळी काढत. मी चिडायचे. म्हणायचे, अहो, कालचीच फाइल उघडा, कोण बघायला येणार आहे? हे नुसतं हसायचे.

मग यांना पक्षाघात झाला. दोन वर्षं होतील आता. पाय बऱ्यापैकी परत आला, बोलणं हळू झालं पण नीट आलं. उजवा हात आला नाही. तो मांडीवर पडून असतो, आणि हे त्याला डाव्या हाताने मधूनमधून सरळ करून ठेवतात.

दुकान बंद करायचं नाही, हे मी हॉस्पिटलातच ठरवलं होतं. टाइपिंग मला येत होतंच, मांडणीही येत होती. अडायचं ते नावांपाशी. मग मी एक तोड काढली. जुन्या सगळ्या पत्रिका दुसऱ्या हार्ड डिस्कवर होत्या, यांनी काढलेलं प्रत्येक नाव तिथे होतं. मी त्यातून अक्षरं उचलायला लागले. एका नवरीच्या नावातला 'स', दुसरीची वेलांटी, कुठल्याशा नवरदेवाचा 'र्य'. जोडायचं, मागेपुढे सरकवायचं, झालं नाव. गिऱ्हाइकाला फरक कळत नसे. मला वाटायचं, हात गेला पण अक्षर तरी मी जाऊ दिलं नाही. या गोष्टीचा मला अभिमान होता, आणि तो मी लपवतही नव्हते.

मी जोडकाम करत असताना हे खुर्ची वळवून गल्लीकडे बघत बसत. मी समजायचे, डोळ्यांना त्रास होत असेल.

त्या आठवड्यात विंडोज ज्या डिस्कवर होतं ती डिस्क गेली. आधी कॉम्प्युटर चालू व्हायला वेळ लावू लागला, मग शनिवारी सकाळी काळा पडदा आणि त्यावर एक पांढरी ओळ. यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा अंधेरीला एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचं काम करतो. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, मामी, घाबरू नकोस, तुमचं काम दुसऱ्या डिस्कवर आहे ना, मग काही जात नाही. उद्या सुट्टी आहे, नवीन डिस्क घेऊन येतो, विंडोज टाकून देतो, तासाभराचं काम.

मला घाई होती. मानखुर्दच्या एक बाई संध्याकाळी यायच्या होत्या. त्यांच्या थोरल्या मुलीची पत्रिका यांनी केली होती, धडधाकट असताना. ती त्यांनी फ्रेम करून घरात लावली आहे. आता धाकटीचं लग्न. मला फोनवर म्हणाल्या, ताई, थोरलीचं नाव जसं काढलं होतं तसंच पाहिजे, नाहीतर धाकटी म्हणेल मला वेगळं वागवलं. मी हो म्हणून बसले होते. मुलीच्या नावात 'क्ष' होता. यांचा 'क्ष' कुठे मिळेल ते मी मनात हेरूनही ठेवलं होतं, एका जुन्या नवरदेवाच्या नावात होता.

भाचा रविवारी सकाळी मेट्रोने आला. मामाच्या पाया पडला, चहा घेतला, आणि कॉम्प्युटरचा डबा उघडून जुनी मेलेली डिस्क काढून तिच्या जागी नवीन बसवली. दुसरी, कामाची डिस्क खालच्या खणात होती तशीच राहिली. त्याने विंडोज भरलेला आपला पेनड्राइव्ह पुढच्या बाजूला लावला. भाषा विचारली, ती दिली. विंडोजच्या परवान्याची की विचारली, ती नंतर म्हणून सांगितलं. मग डिस्कची यादी आली, त्याने नवीन डिस्क निवडली आणि पुढे जा म्हणून बटण दाबलं. तेव्हा ते वाक्य आलं.

तो पहिल्यांदा हसला. होतं असं, म्हणाला. नवीन डिस्कवर जे काही भाग पडले होते ते त्याने पुसले, परत पाडले, परत बटण दाबलं. तेच वाक्य. कॉम्प्युटर बंद करून त्याने पेनड्राइव्ह निळ्या खाचेतून काढून काळ्या खाचेत लावला, कारण निळी खाच नव्या जातीची असते आणि सेटअपला कधीकधी ती मानवत नाही. चालू करताना कशावरून चालू व्हायचं त्याची यादी आली. त्यात त्याचा पेनड्राइव्ह दोनदा दिसत होता, एकदा नुसता आणि एकदा पुढे 'यूईएफआय' लावून. त्याने पुढे ते लावलेला निवडला. मला म्हणाला, कॉम्प्युटर जुन्या पद्धतीने चालू झाला आणि डिस्क नव्या पद्धतीने कापलेली असली तर दोघांचं जमत नाही, म्हणून हे बघून घ्यायचं. मला पटलं. सेटअपला पटलं नाही. तेच वाक्य.

आता तो हसत नव्हता. मोबाइलवर वाचू लागला. मी विचारत होते, काय लिहिलंय, काय लिहिलंय. आम्ही दोघं बोलत होतो, आणि हे आमच्या मधे खुर्चीत बसले होते. आमचं बोलणं त्यांच्या डोक्यावरून इकडून तिकडे जात होतं. घरात आजारी माणूस असला की ही सवय कधी लागते ते कळत नाही.

भाचा म्हणाला, सगळे म्हणतात नवीन डिस्क एकदा पूर्ण साफ करून बघा. त्याने दोन कळा एकदम दाबल्या आणि काळी खिडकी उघडली. त्यात काही टाइप केलं आणि डिस्कांची यादी आली. मी चष्मा लावून पुढे वाकले. पहिल्या ओळीत शून्य नंबरची डिस्क, ४६५ जीबी. दुसऱ्या ओळीत एक नंबरची डिस्क, ४६५ जीबी.

मी म्हटलं, दोन्ही सारख्याच?

तो म्हणाला, हो गं, दोन्ही पाचशेच्या आहेत. पाचशेची डिस्क इथे एवढीच दाखवतात. शून्य नंबरची नवीन आहे. आता फक्त ती निवडायची आणि 'क्लीन' लिहायचं.

मग विचारेल ना, नक्की का म्हणून?

नाही, तो म्हणाला. क्लीन विचारत नाही. एंटर मारलं की डिस्कवरचे सगळे भाग गेले.

 मी त्याला म्हटलं, शून्य नंबरची नवीन हे तुला कुणी सांगितलं? तो म्हणाला, मघाशी सेटअपच्या यादीत तीच शून्य होती. मी म्हटलं, मघाशी म्हणजे तू बंद करून चालू करायच्या आधी. नंबर तोच राहतो अशी कुणी गॅरंटी दिली आहे का?  तो म्हणाला, बहुतेक राहतो. डिस्कचा मॉडेल नंबर बघायचीही सोय आहे, तो बघून घेतो.

बहुतेक हा शब्द ऐकल्यावर माझं डोकं फिरलं. मी खूप बोलले त्याला. त्या डिस्कवर तुझ्या मामाचा उजवा हात आहे, म्हटलं, जो होता तो. आता परत मिळणार नाही कुठे. तुमच्या ऑफिसात डिस्क पुसली गेली तर दुसरीकडे कॉपी असेल, इथे कॉपी नाही. तो म्हणाला, मामी, कॉपी नाही हीच तर चूक आहे, आणि ती माझी नाही. ते खरंच होतं, म्हणून मला आणखी राग आला. मी म्हटलं, मॉडेल नंबर तुझ्यापाशी ठेव. ती डिस्क डब्यातून सोडव, माझ्या हातात दे, आणि मग काय पुसायचं ते पूस.

तो कुरकुरला, पण त्याने ऐकलं. कॉम्प्युटर बंद केला, प्लग काढला, खालच्या डिस्कची एक चपटी तार आणि एक वीजपुरवठ्याची तार उपटली, स्क्रू सोडवले आणि डिस्क माझ्या हातात दिली. मी ती रुमालात गुंडाळली आणि मांडीवर घेऊन बसले. डिस्क थोडी गरम होती.

हे माझ्याकडे बघत होते. मी डोळ्यांनीच सांगितलं, काळजी करू नका. यांनी नजर गल्लीकडे वळवली.

आता पुसायला भीती नव्हती. भाच्याने पुन्हा काळी खिडकी उघडली, शून्य नंबरची डिस्क निवडली, क्लीन केलं, तिला नव्या पद्धतीवर आणलं, खिडकी बंद केली, यादी ताजी केली आणि बटण दाबलं. पुन्हा तेच. नवीन बनवता आलं नाही, आधीचं सापडलं नाही.

भाच्याने खुर्ची मागे सरकवली. मला म्हणाला, मामी, आता वाट लागली. मी उद्या मशीन ऑफिसात घेऊन जातो, तिथे बघतो. मी म्हटलं, आणि संध्याकाळी त्या बाई येतील त्यांना काय सांगू?   मग उगाच काहीतरी करायचं म्हणून त्याने पुन्हा काळी खिडकी उघडली आणि डिस्कांची यादी मागवली. बघत राहिला.

"मामी, एक जास्त आहे."

मी पुढे झाले. शून्य नंबरला नवीन डिस्क. एक नंबरला त्याचा विंडोजचा पेनड्राइव्ह. आणि दोन नंबरला आणखी काहीतरी, सात जीबीचं. एवढीशी डिस्क कुठे असते? मघाशीही ती असणारच, तो म्हणाला. पण तेव्हा माझं लक्ष त्या दोन सारख्या आकड्यांवरच होतं, खालच्या ओळी मी बघितल्याच नाहीत.

मग शोधाशोध सुरू झाली. पुढच्या खाचा बघितल्या, मागच्या बघितल्या. माउस, कीबोर्ड, प्रिंटर. एक काळी तार मागून निघून फळीच्या फटीत गेली होती. भाचा म्हणाला, ही प्रिंटरची असेल. मी म्हटलं, प्रिंटरची ती दुसरी, पांढरी. मग ही कशाची? आम्ही दोघं टेबलाखाली वाकून त्या तारेवर वाद घालू लागलो.

"फळीच्या मागे बघ," हे म्हणाले.

यांचा आवाज इतक्या वेळाने आला की आम्ही दोघंही तसेच वाकलेले थांबलो. मग मला आठवलं. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हचा यांचा एक नियम होता. कुणी पेनड्राइव्ह दिला की काम झालं तरी तो काढून ड्रॉवरमध्ये टाकायचा नाही, तो माणूस न्यायला येईपर्यंत लावलेलाच ठेवायचा. ड्रॉवरमध्ये टाकलेली वस्तू हरवते, लावलेली हरवत नाही, असं यांचं मत. टेबलावर लावला तर येणाराजाणारा हात लावतो, म्हणून यांनी फळीच्या मागे एक छोटा हब बसवून घेतला होता. चार खाचांचा, तार लांबची. मी तो साफ विसरले होते. माझ्या काळात लोक फाइली मोबाइलवर पाठवतात, पेनड्राइव्ह कोण आणतो?

फळी सरकवली. आत कोळ्याची जाळी, धूळ, आणि हबवर एकुलता एक पेनड्राइव्ह, त्याच्यावरचा बारीक दिवा लुकलुकत होता. त्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली होती, 'कॅटरिंगवाल्याच्या मेनूकार्डाचा फोटो' असं लिहिलेली. यांचा हात जायच्या आधीच्या कामांतला. तो माणूस आलाच नाही, आणि पेनड्राइव्ह नियमाप्रमाणे जागेवर राहिला. आमचं दुकान चालू झालं की तोही चालू होत होता, दोन वर्षं.

भाच्याने तो उपटला. मग कॉम्प्युटरच्या आतल्या सेटिंगमध्ये गेला, आणि तिथे त्याने मला दाखवलं. पहिली डिस्क कोणती, या यादीत आमच्या मशीनने वर त्या पेनड्राइव्हचं नाव धरून ठेवलं होतं. तो म्हणाला, विंडोज टाकताना सेटअपला चालू व्हायच्या कामासाठी एक छोटा भाग वेगळा पाडावा लागतो, आणि तो कुठे पाडायचा हे ठरवताना बहुतेक तो पहिल्या नंबरच्या डिस्ककडे बघतो. तिथे हा बसलेला. म्हणून आपण निवडतोय एक आणि तो बघतोय दुसरीकडे. त्याने नवीन डिस्क पहिल्या नंबरला आणली, आपल्या पेनड्राइव्हवरून पुन्हा चालू केलं, नवीन डिस्क निवडली, बटण दाबलं. ते वाक्य आलं नाही. फाइली कॉपी होऊ लागल्या, टक्के वाढू लागले. भाचा म्हणाला, झकास.

मला आनंद झाला, आणि आनंदाच्या पोटात राग आला. मी यांच्याकडे वळले. अहो, म्हटलं, सकाळपासून आम्ही डोकं फोडतोय. तुम्हाला माहीत होतं मागे पेनड्राइव्ह आहे, मग बोलला का नाहीत?

हे दुकानात मालवणी बोलत नाहीत. घरीही क्वचित. तेव्हा बोलले.

"माका इचारलंस खंय?"

 भाचा पडद्याकडे बघू लागला. कुणी विचारलंच नव्हतं. हे दुकान यांनी लावलं, ती तार यांनी ओढली, तो हब यांच्या सांगण्यावरून बसला, आणि आम्ही सकाळपासून यांच्या डोक्यावरून बोलत होतो. मला यांचा राग आला होता तो माझ्याकडेच परत आला, आणि मला ते सहन होईना. मी उठून चहा सांगायला गेले. टपरीवर उगाच जास्त वेळ उभी राहिले.

परत आले तेव्हा विंडोज बसून झालं होतं. भाच्याने कॉम्प्युटर बंद केला होता आणि हात पुढे केला होता.

"मामी, दे. डिस्क जोडू का आता?"

डिस्क माझ्या पिशवीत होती, रुमालासकट. मी ती काढली. द्यायला हात पुढे केला आणि मग थांबले. मी म्हटलं, मला नको विचारू, मामांना विचार.

भाच्याला वाटलं मी चेष्टा करते आहे. पण त्याने विचारलं. मामा, जोडू का?

 यांनी डाव्या हाताने उजवा हात सरळ केला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, आणि मी त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहिते आहे, कारण त्यातला एकही शब्द मी विसरलेले नाही.

"तो क्लीन कर म्हणाला ना, तेव्हा मला वाटलं, होऊन जाऊ दे. ती अक्षरं माझी नाहीत आता. तू जोडतेस ती. एकीचा कान काढून दुसरीला लावतेस. मला बघवत नाही, म्हणून मी तिकडे तोंड करून बसतो."

डोळ्यांना त्रास होत नव्हता तर.

मला खूप वाईट वाटलं, आणि सांगायला लाज नाही, खूप रागही आला. दोन वर्षं मी कमरेचा काटा ढिला होईपर्यंत तिथे बसून यांचं अक्षर जपत होते, आणि हे तोंड फिरवून बसत होते. मी म्हटलं, मग मी काय करायला पाहिजे होतं? दुकान बंद? लोकांना फॉन्ट लावून द्यायचा? तुम्हीच म्हणायचात ना, दुसरीचा शालू नेसवू नये म्हणून? आणि हे बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की मी तेच तर करत होते. फॉन्टच्या ऐवजी यांच्या अक्षरांचा शालू. 

हे भाच्याला म्हणाले, जोड. जुन्या गिऱ्हाइकांना लागेल. पण नावं तिथून घ्यायची नाहीत. मी विचारलं, मग कुठून? हे म्हणाले, तुला माउस धरता येत नाही काय?

भाच्याने डिस्क जोडली, कामाचा प्रोग्राम टाकला, त्या डिस्कची एक कॉपी आपल्या ऑफिसच्या मोठ्या डिस्कवर करून देईन असं वचन दिलं, आणि जेवायला न थांबता गेला. घरात आता काहीतरी होणार आहे आणि त्यात आपण नको, हे त्याला कळलं असावं. हुशार आहे तो.

दुपारी मी बसले. पांढरं पान उघडलं. सवयीने हात जुन्या फाइलीकडे गेला, ज्यात तो 'क्ष' होता. मी तो मागे घेतला. हे खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. दोन वर्षांत पहिल्यांदा यांचं तोंड पडद्याकडे होतं.

पहिला 'क्ष' असा आला की मला स्वतःलाच हसू आलं. हे हसले नाहीत. म्हणाले, पुसू नको, बाजूला ठेव. दुसरा काढ. मी दुसरा काढला. हे म्हणाले, पोटात जागा ठेव, त्याला श्वास घेऊ दे. मग काना कुठून सुटतो ते सांगितलं, शिरोरेषा कुठे थोडी जाड करायची ते सांगितलं. मी चिडले, म्हटलं, तुम्ही एकदम चार गोष्टी सांगू नका. हे म्हणाले, बरं, एकच सांगतो, घाई नको. त्या दुपारी आम्ही जितके भांडलो तितके दोन वर्षांत भांडलो नव्हतो. आजारी माणसाशी कुणी भांडत नाही, आणि ते त्याला कसं वाटतं हे मी कधी विचारात घेतलं नव्हतं.

नाव झालं तेव्हा ते यांचं दिसत नव्हतं. वेलांटी जरा ताठ होती, 'क्ष' जरा बसका. मला धाकधूक होती. बाईंना थोरलीसारखं हवं होतं, आणि हे थोरलीसारखं नव्हतं. मी यांना म्हटलं, अजून वेळ आहे, जुन्या फाइलीतून जोडून ठेवते, बाईंना तेच दाखवू. हे म्हणाले, दाखव, तुझ्या मनाला येईल ते दाखव. आणि पुन्हा गल्लीकडे बघू लागले. मी जुनी फाइल उघडली नाही.

बाई दिवेलागणीला आल्या. यांची तब्येत विचारली, माझ्या हाताला हात लावला, आणि मग मी छापलेलं पान त्यांच्या पुढे ठेवलं. त्यांनी ते बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, थोरलीच्या पत्रिकेसारखं नाही हे.  त्या म्हणाल्या, पण छान आहे, हे धाकटीसारखं आहे, जरा हट्टी. कुणी काढलं?

दोन वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडात 'यांनीच' हा शब्द आला होता. तो मी बोलायच्या आत खुर्चीतून यांचा आवाज आला.

"हिने."

बाईंनी पान उचललं, दाराशी जाऊन रस्त्याच्या उजेडात पुन्हा एकदा बघितलं, आणि पत्रिका किती छापायच्या ते सांगू लागल्या.